जिपेला मोठे टायर लावले तेव्हा

माझं रत्नागिरीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. गेली कित्येक वर्षं मी या गावातल्या बायाबापड्यांना, कॉलेजच्या मुलांना आणि एक-दोन निवृत्त न्यायाधीशांनाही क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे सांगत आले आहे. त्यामुळे आमच्या घरात गाड्यांबद्दल मला काही कळत नाही, हे ओघानंच आलं. गाड्यांबद्दल कळतं ते आमच्या यांना. हे व्यापारी जहाजांवर इंजिनियर होते. ज्यानं चार मजली इंजिन चालवलं त्याला जीप म्हणजे काय, असा सरळ हिशेब.

निवृत्त होऊन घरी आल्यावर यांनी एक जुनी जीप घेतली. समुद्रावर सगळी उमर गेल्यावर माणसानं जरा शांत बसावं, आंब्याला पाणी घालावं, असं मला वाटायचं. यांना वाटलं, जिपेचे टायर लहान आहेत. एमआयडीसीकडच्या एका दुकानात जाऊन यांनी जिपेला मोठे टायर लावून आणले. जीप परत आली ती अंगणात वाकूनच शिरली असं वाटलं, इतकी उंच झालेली. मला आत चढायला दाराला लोंबकळावं लागलं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासून खरवडल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, कंपनीनं जे माप ठरवून दिलंय त्यापेक्षा एवढे मोठे टायर लावायला परवानगी नसते, आरटीओत गाडी नेली तर परत पाठवतील. यावर यांनी मला, जहाजाचा मालक नव्या पोरग्या खलाशाकडे बघतो तसं बघितलं आणि सांगितलं की जिपेला आता भारदस्तपणा आलाय.

भारदस्तपणासोबत एक गोष्ट आणखी आली. डिझेल जास्त जायला लागलं. निदान यांचं म्हणणं तसं होतं. टाकी भरायची, मीटरवर किती किलोमीटर झाले ते बघायचं, भागाकार करायचा आणि मग पेट्रोल पंपावरच्या माणसाला, तुझा पंप माप कमी देतो, असं सुनवायचं. तो बिचारा मापाचं भांडं काढून पाच लिटर मोजून दाखवायचा. भांडं बरोबर भरायचं. मग हे घरी येऊन म्हणायचे, भांडंच खोटं असणार. जगात खोटं काय काय असू शकतं याची यांची यादी लांब होती. तिच्यात जिपेचं मीटर नव्हतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण आमच्या मुलीचं डोहाळजेवण आलं. ती सातव्या महिन्यात आमच्याकडे आली होती. डोहाळजेवणासाठी तिचे सासू-सासरे सांगलीहून त्यांची गाडी घेऊन आले. जावई पुण्याला नोकरीत, तो कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी येणार होता. आमचे व्याही साखर कारखान्यात होते. उसाच्या गाड्या ज्या काट्यावर तोलतात त्या काट्याचे ते साहेब. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या देखत वजनं केली आणि एकाही शेतकऱ्यानं बोट दाखवलं नाही, हे ते पहिल्या चहाला सांगतात आणि दुसऱ्या चहाला परत सांगतात. विहीणबाई फार बोलत नाहीत. बोलणारा माणूस घरात एक असला की पुरतो, हे त्यांना लवकर समजलं असावं.

आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मालगुंडला जायचं ठरलं. देवाचं दर्शन, समुद्र, दुपारचं जेवण आणि परत. जिपेत धक्के बसतात म्हणून मुलगी सासऱ्यांच्या गाडीत बसली, विहीणबाईही त्यांच्या गाडीत. मी यांच्याबरोबर उंचावर. निघताना दोघा पुरुषांनी आपापल्या गाडीतलं ट्रिप मीटर शून्यावर आणलं. व्याह्यांनी सवयीनं, यांनीही सवयीनं. दोघंही नोंदी ठेवणाऱ्या पिढीतले. दर फेरीला किती किलोमीटर झाले ते कळलंच पाहिजे, त्याचा पुढं काय उपयोग असं विचारायचं नाही.

जाताना समुद्राच्या कडेकडेनं आरे-वारेच्या रस्त्यानं गेलो. त्या रस्त्याला वळणं इतकी की वेगाचा प्रश्नच नव्हता. येताना मुलगी म्हणाली, तिला त्या वळणांनी मळमळतं, म्हणून आम्ही आतल्या बाजूनं निवळीवरून हायवेला लागून परतायचं ठरवलं. जीप पुढे, व्याह्यांची गाडी मागे. व्याह्यांना रस्ता माहीत नव्हता, त्यामुळे त्यांनी आमच्या मागेच राहणं भाग होतं.

निघताना यांनी मला बजावून सांगितलं की मागे पोर आहे, साठच्या वर जाणार नाही. आणि खरंच गेले नाहीत. मी शेजारी बसून सवयीनं मीटरच बघत होते. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून मला ते व्यसन लागलंय. मोकळा रस्ता मिळाला की काटा साठवर यायचा आणि तिथं खिळा ठोकल्यासारखा थांबायचा. पण जीप मात्र साठपेक्षा जोरात पळतेय असं मला वाटत होतं. उंचावरून बघताना उलट वेग कमी वाटतो, एवढं मला माहीत होतं, म्हणून मला जरा नवल वाटलं. बोलले नाही. बोलून काय झालं असतं ते मला ठाऊक होतं.

घरी पोचलो. व्याही गाडीतून उतरले ते लालबुंद होऊन. त्यांनी दार जोरात लावलं नाही, हळूच लावलं, आणि मला भीती वाटली ती त्यानंच. ते सरळ यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"बहात्तर होतं बघा," ते म्हणाले. "सपाट रस्ता आला की बहात्तर. तुमच्या मागं राहायचं म्हणून मला बहात्तरनं पळवावी लागली. गाडीत पोटुशी सूनबाई आहे, एवढं तरी ध्यानात घ्यायचं की."

हे आधी हसले. मग व्याही हसत नाहीत हे यांच्या लक्षात आलं.

"मी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही," हे म्हणाले. "विचारा हिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काटा साठवरच होता. व्याही म्हणाले, त्यांचाही काटा बहात्तरवरच होता आणि काट्यापुढं त्यांची हयात गेलीय, काटा वाचण्यात त्यांची चूक होत नाही. यांनी विचारलं, म्हणजे माझी होते का? त्यावर व्याही वळून गाडीतल्या पिशव्या काढायला लागले, आणि तेच फार लागलं.

दोघंही खोटं बोलणारे नव्हते, हीच अडचण होती. एक खोटारडा असता तर निकाल सोपा होता. आता मात्र एकाचं म्हणणं असं की दुसरा पोटुशा पोरीला घेऊन शर्यत लावतो, आणि दुसऱ्याचं म्हणणं असं की पहिल्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. उद्या घरात पन्नास बायका यायच्या होत्या, ओटी भरायची होती, आणि आज दोन्ही घरचे कर्ते पुरुष एकमेकांशी 'पाणी घेता का' एवढंही बोलत नव्हते.

खरं सांगायचं तर मी मनातून व्याह्यांच्या बाजूला होते. मोठे टायर लावल्यापासून त्या जिपेबद्दल माझं मत वाईट होतं, आणि वाईट मताला पुरावा लागत नाही. यांच्याबद्दल मात्र मला वाईट वाटलं. हे मागच्या पडवीत जाऊन बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "ती लहान असताना मी घरी असायचोच कुठं? आता कुठं तिच्यासाठी गाडी हळू चालवायची वेळ आली, तर मी वेडा ठरलो." मी कप पुढं केला. यांना टोमणे मारायला मला कधी विषय कमी पडत नाहीत, पण त्या वेळी एकही आठवला नाही.

संध्याकाळी जेवताना व्याह्यांनी शांतता मोडली. पण मोडली कशी, तर स्वतःच्या गाडीचं कौतुक सुरू करून. गाडीचे टायर अलीकडेच बदलले होते. दुकानात त्या मापाचे नव्हते, म्हणून जवळपासच्या मापाचे बसवून घेतले, दुकानदार म्हणाला चालतात. आणि काय सांगू, म्हणाले, तेव्हापासून गाडीचं ॲव्हरेज वाढलं. पूर्वीपेक्षा एका लिटरला चांगली किलोमीटर-दीड किलोमीटर जास्त जाते. हे बोलणं सगळं आमटीकडे बघून चाललं होतं, पण बाण कुणाला होता ते आमटीलाही कळलं असेल. कारण यांची जीप डिझेल पिते, ही गोष्ट यांनी स्वतःच सकाळी व्याह्यांना सांगितली होती.

मी वाढताना थांबले. टायर बदलले आणि ॲव्हरेज वाढलं. टायर बदलले आणि ॲव्हरेज कमी झालं. दोन्हीकडे टायरच. हातातली पळी तशीच ठेवून मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. मालगुंडला जाऊन येऊन ट्रिप मीटरवर किती झाले?

व्याह्यांनी उत्तर दिलं, सत्याऐंशी. हे म्हणाले, बहात्तर.

विहीणबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पण आपण तर एकामागं एकच होतो की," त्या म्हणाल्या.

एकच अंगण, एकच मालगुंड, एकच निवळी. एका गाडीसाठी तो रस्ता बहात्तर किलोमीटर आणि दुसरीसाठी सत्याऐंशी. रस्ता तर कुणासाठी आखूड होत नाही. मी म्हटलं, वेग कोण चुकला हे जाऊ दे, आधी अंतर कोण चुकलं ते बघू. मुलगी हसायला लागली. हे आणि व्याही, दोघंही एकाच वेळी म्हणाले की त्यांचं मीटर बरोबर आहे. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

सकाळी उजाडल्यावर मी जिपेच्या मागे गेले. जिपेच्या मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली असते. मोठे टायर चारच आणले होते, स्टेपनी जुनीच राहिली होती, कव्हरखाली. म्हणजे कंपनीचं मूळ माप आमच्या दारातच लटकत होतं. यांना हाक मारली. यांनी कपाळाला आठ्या घालून, पण येऊन, स्टेपनी उतरवली आणि मोठ्या टायरच्या शेजारी उभी केली. मोठा टायर चांगला चार बोटं उंच निघाला.

मग मी घरातून सुतळी आणली. एक सुतळी स्टेपनीच्या घेराभोवती गुंडाळली आणि जिथं टोक आलं तिथं कापली. जीप जॅकवर घेऊन दुसरी सुतळी मोठ्या टायरभोवती गुंडाळली, तीही कापली. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी पसरल्या. दुसरी एक वीतभर लांब होती. व्याही गॅलरीतून बघत होते, ते हळूहळू खाली आले.

मी शिकाऊ मुलांना सांगते तसंच सांगितलं. मीटर रस्त्याकडे बघत नाही. त्याला रस्ता माहीतच नसतो. चाक किती फेऱ्या मारतंय एवढंच त्याला कळतं, आणि एका फेरीत गाडी किती पुढं जाते हे कंपनीनं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते माप मूळ टायरचं. आता चाक मोठं झालं, प्रत्येक फेरीत गाडी वीतभर जास्त पुढं जाते, पण मीटर बिचारं जुन्याच मापानं मोजत बसतं. म्हणून मीटर साठ दाखवतं तेव्हा जीप त्याहून जोरात पळत असते. आणि किलोमीटरही कमीच मोजले जातात. डिझेल तेवढंच जातं, किलोमीटर कमी दिसतात, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. पंपावरच्या त्या माणसाला एकदा जाऊन चहा पाजा, एवढं मी शेवटी जोडलं.

यांनी दोन्ही सुतळ्या उचलून परत एकमेकींना लावून बघितल्या. मला वाटलं, आता सुतळीलाच खोटी ठरवतील. पण तसं झालं नाही.

"जहाजावर आम्ही रोज हेच करायचो," हे म्हणाले. "जहाजाच्या पाण्यातल्या पंख्यानं किती फेऱ्या मारल्या आणि एका फेरीत जहाज किती सरकायला पाहिजे, यावरून मैल काढायचे. आणि मग प्रत्यक्षात किती मैल कापले त्याच्याशी ताडून बघायचं. रोज दुपारी. मी पंखा बदलला, आणि हिशेब जुन्या पंख्याचाच ठेवला."

माझ्या बत्तीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा यांचं ते दोन-चार वाक्यांचं बोलणं व्याह्यांना जास्त पटलं. पुरुषाला पुरुषानं सांगितलेलं लवकर कळतं, हे मी शाळेत कुणाला शिकवत नाही, पण ते खरं आहे. व्याह्यांचा चेहरा उजळला. म्हणजे बहात्तरचा वेग बरोबर होता तर, असं ते म्हणाले, आणि म्हणताना ते इतके मोठ्या मनाचे झाले की यांच्या पाठीवर हातही ठेवला.

मला ते तिथंच सोडून देता आलं असतं. आदल्या रात्री मीही तेच मानलं असतं. पण ॲव्हरेज वाढल्याची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी व्याह्यांना म्हटलं, जरा तुमच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडता का. दाराच्या आतल्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप लिहिलेलं असतं. स्टिकरवर ऐंशी असा आकडा होता. गुडघे टेकून टायरच्या कडेवरचं माप वाचलं, तिथं त्याच जागी पासष्ट होतं. हा आकडा टायरच्या उंचीचा. रुंदी तीच, रिम तीच, पण टायर बुटका. चाक लहान झालं की सगळं उलट. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, मीटर त्या सगळ्या फेऱ्या मोठ्या टायरच्या समजून मोजतं, म्हणून वेगही जास्त दिसतो आणि किलोमीटरही जास्त दिसतात. गाडीचं ॲव्हरेज वाढलं नव्हतं. मीटरनं नुसत्याच थापा मारल्या होत्या.

व्याह्यांनी यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

त्यांना ते पटलं नाही. कुणाला पटेल? कारखान्यातल्या काट्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. मी म्हटलं, मग तोलूनच बघू. तुम्ही काट्याची खात्री कशी करायचात? ते म्हणाले, सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून. मग रस्त्यावरही तशी वजनं ठेवलेलीच आहेत, मी म्हटलं. किलोमीटरचे दगड.

बायका चार वाजता येणार होत्या. स्वयंपाकाला माणसं लागली होती. एवढी उसंत होती. आम्ही दोन्ही गाड्या घेऊन हातखंब्याच्या पुढं गेलो, हायवेचा रुंद झालेला तुकडा आहे तिथं. सकाळी त्या भागात वर्दळ कमी असते. मुलीला घरी ठेवलं. विहीणबाई मात्र आपणहून जिपेत मागे येऊन बसल्या. मोबाईलमधलं स्टॉपवॉच कसं चालवायचं ते त्यांनी मुलीकडून शिकून घेतलं होतं.

पद्धत साधी आहे. मीटरवर साठचा काटा धरायचा आणि तो अजिबात हलू द्यायचा नाही. साठचा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, त्यामुळे हिशेबाला डोकं लागत नाही. एका दगडापाशी घड्याळ सुरू करायचं आणि तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी थांबवायचं. एकच किलोमीटर मोजला तर बोट दाबण्यात एखादा सेकंद इकडंतिकडं झाला तरी फरक मोठा दिसतो, शिवाय दगडही नेमक्या जागेवर असतीलच असं नाही, म्हणून सलग तीन. आणि गाडी चालवणाऱ्यानं घड्याळाकडे बघायचं नाही, मोबाईलला हात लावायचा नाही. ते मागच्या माणसाचं काम.

यांनी काटा साठवर धरला. व्याही पुढच्या सीटवर बसून काट्यावर नजर ठेवून होते, पंचासारखे. विहीणबाईंनी घड्याळ लावलं. तीन किलोमीटर साठच्या वेगानं म्हणजे तीन मिनिटं लागायला हवी होती. विहीणबाईंनी वाचून दाखवलं, दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

म्हणजे एका किलोमीटरला छप्पन सेकंद. तीन हजार सहाशेला छप्पननं भागायचं, झाला ताशी वेग, चौसष्टच्या थोडा वर. माझ्या मोबाईलवर उपग्रहावरून वेग दाखवणारं ॲप होतं, तेही आमच्या स्थिर वेगाला चौसष्ट-पासष्टच दाखवत राहिलं. झाडीत आणि वेग कमीजास्त करताना ते जरा मागं पडतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी राहत नाही. पण दगड आणि उपग्रह एकच सांगत असतील तर तिसऱ्या साक्षीदाराची गरज नसते.

यांनी विचारलं, सुतळ्यांच्या हिशेबानं टायर तर दहा टक्क्यांनी मोठा आहे, मग साठचे सहासष्ट का झाले नाहीत. प्रश्न बरोबर होता, म्हणून मी उत्तरही नीट दिलं. कंपनीतून येतानाच मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवेल असंच लावलेलं असतं. कमी दाखवलेलं नियमात चालत नाही, जास्त दाखवलेलं चालतं. त्यामुळे यांच्या टायरनं केलेली चूक कंपनीच्या सावधगिरीनं थोडी भरून काढली होती.

मग व्याह्यांची गाडी. यांनी स्वतः व्याह्यांच्या शेजारी बसून काट्यावर नजर ठेवली, आणि मी शपथेवर सांगते, यांचं नाक त्या मीटरला लागायचंच बाकी होतं. काटा साठवर. तेच दगड. विहीणबाईंनी मागून आकडा सांगितला. तीन मिनिटं एकवीस सेकंद. ताशी चौपन्नपेक्षाही कमी.

व्याह्यांनी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर देऊन, नीट. मग खाली उतरून ते टायरकडे बघत उभे राहिले. कंपनीनं आधीच जरा जास्त दाखवायला लावलेलं मीटर, त्यात टायर बुटके. दोन थापा एकावर एक. त्यांच्या बहात्तरचे खरे किती होतात ते त्यांनी स्वतःच मनात केलं. यांच्या साठचे आणि त्यांच्या बहात्तरचे, दोन्हींचे खरे चौसष्टच होत होते. दोघंही आदल्या दिवशी एकाच वेगानं, एकामागे एक, अगदी शिस्तीत घरी आले होते.

"म्हणजे भांडलो कशासाठी आपण?" व्याही यांना म्हणाले.

"दोन्ही मीटरांची बाजू घेऊन," हे म्हणाले.

मला वाटतं, गेल्या चोवीस तासांत या दोघांनी म्हटलेलं ते सर्वात शहाणपणाचं होतं. परत येताना दोघं एकाच गाडीत बसले, आणि आम्ही दोघी जिपेत. जीप मी चालवली. दाराला लोंबकळूनच चढले, पण चालवली.

डोहाळजेवण छान झालं. मुलीला झोपाळ्यावर बसवलं, फुलांच्या वाड्या घातल्या, बायकांनी गाणी म्हटली. मला कुणीतरी विचारलं की यजमान कुठं आहेत, तर मी मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. दोन व्याही जिपेच्या टायरभोवती तिसऱ्यांदा सुतळी गुंडाळत होते. जावई पुण्याहून आला, त्यानं बायकोआधी या दोघांना बघितलं आणि काही बिघडलंय का असं विचारलं. त्याला उत्तर द्यायला घरात कुणाला वेळ नव्हता.

पुढं यांनी मोठे टायर काढले. माझ्या सांगण्यावरून नाही, अर्थात. व्याह्यांनी फोनवर सांगितलं की चाक मोठं असलं की ऐन वेळी गाडी थांबायलाही उशीर लागतो, म्हणून. व्याह्यांनीही सांगलीला जाऊन मूळ मापाचे टायर बसवले आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणून थोडे दिवस हळहळले, ते कधी वाढलंच नव्हतं हे पुरतं माहीत असूनही. पंपावरच्या माणसाला यांनी चहा पाजला की नाही, ते मी विचारलं नाही.

बाळंतपणासाठी विहीणबाई आमच्याकडे येऊन राहिल्या. नात झाली. बाळ झोपलं की दुपारी आम्ही दोघी गप्पा मारत बसायचो, आणि अशाच एका दुपारी, हातातल्या लंगोटाची घडी घालता घालता त्यांनी मला विचारलं की साठीच्या बाईला तुम्ही गाडी शिकवता का. मी म्हटलं, विहिणीला शिकवायची वेळ अजून आली नव्हती, पण नियम कुठं आड येतोय. शिकाऊ परवाना काढला आणि मी त्यांना शाळेच्या गाडीत बसवून सड्यावर नेलं. तिथं कातळ पसरलेला आहे, रस्ता सरळ आहे, धडकायला फार काही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चारदा बंद पाडली. पाचव्यांदा ती चालली. त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती, आणि मला म्हणाल्या, घरी काही सांगू नका, मी चालवत सांगलीला जाईन तेव्हाच त्यांना कळू दे.